कॉल आणि पुटचा हिशेब जुळत नाही? पुट-कॉल पॅरिटीतली तफावत शोधण्याची रीत

तक्रार नेहमी एकाच चेहऱ्याची असते. एकाच स्ट्राइकचा आणि एकाच एक्सपायरीचा कॉल आणि पुट घेतला, पुस्तकातलं समीकरण लावलं, आणि दोन्ही बाजू जुळेनात. कधी पुट महाग दिसतो, कधी कॉल स्वस्त. काहींना हीच गोष्ट वेगळ्या रूपात दिसते: एकाच स्ट्राइकच्या कॉलची इम्प्लाइड व्होलॅटिलिटी, म्हणजे ऑप्शनच्या भावातून निघणारी शेअरची अपेक्षित चढउतार, 22 आणि पुटची 25. मग कुणी म्हणतं बाजार चुकलाय, कुणी म्हणतं सूत्र निरुपयोगी आहे, आणि कुणी थेट आर्बिट्राजचा सौदा टाकून मोकळं होतं.

बहुतेक वेळा यातलं काहीच खरं नसतं. समीकरणात घातलेल्या चार-पाच आकड्यांपैकी एखादा चुकीचा असतो. तो कोणता, हे तफावतीच्या आकारावरूनच ओळखता येतं.

समीकरण येतं कुठून

एका शेअरवरचे युरोपियन ऑप्शन घेऊ, म्हणजे फक्त एक्सपायरीच्या दिवशीच वापरता येणारे. स्ट्राइक 500. आता दोन गाठोडी बांधायची. पहिल्यात एक कॉल आणि एक्सपायरीला व्याजासकट बरोबर 500 होतील एवढी आज ठेवलेली रक्कम. दुसऱ्यात एक पुट आणि एक शेअर.

एक्सपायरीला शेअर 540 वर गेला, तर पहिल्या गाठोड्यात कॉलचे 40 आणि ठेवीचे 500, एकूण 540. दुसऱ्यात पुट शून्य आणि शेअर 540. शेअर 460 वर आला, तर पहिल्यात कॉल शून्य आणि ठेवीचे 500. दुसऱ्यात पुटचे 40 आणि शेअरचे 460, पुन्हा 500. शेअर कुठेही जावो, दोन्ही गाठोड्यांतून शेवटी सारखेच पैसे निघतात. म्हणून आजही दोन्हींची किंमत सारखी असायला हवी. नसेल तर महाग गाठोडं विकून स्वस्त घेणाऱ्याला धोका न पत्करता पैसे मिळतील, आणि असे लोक बाजारात कायम टपून बसलेले असतात.

हेच लिहून काढलं की पुट-कॉल पॅरिटीचं समीकरण असं दिसतं:

```
C - P = S - D - K / (1 + r × t)
```

`C` कॉलचा भाव, `P` पुटचा, `S` शेअरचा, `K` स्ट्राइक, `r` वार्षिक व्याजदर, `t` वर्षाच्या भागात उरलेला काळ, आणि `D` म्हणजे एक्सपायरीआधी मिळणाऱ्या लाभांशाची आजची किंमत. लाभांश वजा होतो, कारण तो शेअर धरणाऱ्याला मिळतो, कॉल धरणाऱ्याला नाही. वर्षाच्या आतल्या एक्सपायरीला हे साधं व्याज पुरतं, चक्रवाढीच्या घोळात पडायची गरज नाही.

या ओळीत व्होलॅटिलिटी कुठेच नाही. शेअर वर जाईल की खाली, याबद्दलचं मतही नाही. व्होलॅटिलिटी वाढली की कॉल आणि पुट दोन्ही सारख्याच रकमेने महागतात आणि वजाबाकीत तो परिणाम निघून जातो. त्यामुळे ‘बाजारात भीती आहे म्हणून पुट महाग’ हे एकाच स्ट्राइकच्या कॉल-पुटमधल्या तफावतीचं कारण असूच शकत नाही. भीतीमुळे खालच्या स्ट्राइकचे पुट वरच्या स्ट्राइकच्या कॉलपेक्षा महाग होतील, पण त्या खालच्या स्ट्राइकचा कॉलही पुटच्या सोबतीने महागलेला असेल. हा फरक डोक्यात पक्का बसला की निम्मे गोंधळ तिथेच मिटतात.

एक उदाहरण, पडद्यावरच्या आकड्यांसकट

शेअरचा भाव 500. एक्सपायरीला 73 दिवस, म्हणजे वर्षाचा पाचवा भाग. व्याजदर 7.5 टक्के, म्हणजे या काळाचं व्याज 1.5 टक्के. 500 ला 1.015 ने भागलं की 492.61 येतात. लाभांशाचा विचार न करता कॉल वजा पुट 500 − 492.61, म्हणजे 7.39 असायला हवा.

पडद्यावर कॉलचा शेवटचा भाव 21.60 आणि पुटचा 18.20. वजाबाकी 3.40. अपेक्षेपेक्षा 3.99 ने कमी. एवढ्या मोठ्या फरकावर कुणाचाही हात सौद्याच्या बटणाकडे जाईल. त्याआधी तीन गोष्टी तपासायच्या, आणि याच क्रमाने.

पहिली गोष्ट भावांची वेळ. ‘शेवटचा भाव’ म्हणजे शेवटचा सौदा ज्या भावाला झाला तो, आत्ताचा भाव नव्हे. कॉलचा तो सौदा शेअर 497 वर असताना झाला असेल आणि पुटचा 501 वर असताना, तर आपण तीन वेगवेगळ्या क्षणांचे आकडे एका समीकरणात कोंबतो आहोत. पैशाच्या आसपासच्या, म्हणजे शेअरच्या भावाजवळच्या, स्ट्राइकचा कॉल शेअरच्या दर 1 च्या हालचालीला साधारण 0.55 ने हलतो आणि पुट 0.45 ने, उलट्या दिशेने. शेअर 3 ने वर आला म्हणजे कॉलचा खरा भाव आता सुमारे 1.65 ने जास्त आहे, पडद्यावर मात्र जुनाच आकडा बसलाय. यावर इलाज एकच. शेवटचे भाव बाजूला ठेवायचे आणि तिन्ही वस्तूंचे बिड आणि आस्क एकाच क्षणी उतरवून घ्यायचे. ते असे निघतात: शेअर 499.90 ला बिड, 500.10 ला आस्क. कॉल 22.90 आणि 23.50. पुट 18.40 आणि 19.00. मधले भाव घेतले तर कॉल 23.20, पुट 18.70, वजाबाकी 4.50. तफावत 3.99 वरून 2.89 वर आली. जवळजवळ 1.10 एवढा भाग निव्वळ शिळ्या भावांचा होता.

ज्या ऑप्शनमध्ये दिवसभरात मोजकेच सौदे होतात, तिथे हा भाग याहून कितीतरी मोठा असतो. दिवसअखेरच्या फाइलमधले बंद भाव घेऊन पॅरिटी तपासणारे इथेच फसतात. शेअरचा बंद भाव एका पद्धतीने ठरलेला असतो आणि ऑप्शनचा शेवटचा सौदा दुपारीच होऊन गेलेला असतो.

दुसरी गोष्ट लाभांश. या शेअरला 40 दिवसांनी 3 लाभांश आहे असं धरू. त्याची आजची किंमत 3 भागिले 1.0082, म्हणजे 2.98. आता अपेक्षित वजाबाकी 500 − 2.98 − 492.61, म्हणजे 4.41. बाजारात 4.50. उरलेली तफावत 0.09. आधी 3.99 चा ‘फुकटचा पैसा’ दिसत होता, त्यातलं एवढंच उरलं, तेही उलट्या बाजूने.

सुरुवातीला सांगितलेली व्होलॅटिलिटीची तक्रारही इथेच सुटते. या ऑप्शनचा भाव व्होलॅटिलिटीच्या एका अंकाला साधारण 0.88 ने बदलतो. कॅल्क्युलेटरला लाभांश सांगितलाच नाही, तर 2.98 ची चूक त्याला कुठेतरी जिरवावी लागते. मग तो कॉलची व्होलॅटिलिटी कमी आणि पुटची जास्त दाखवतो, आणि दोन्हींत तीनेक अंकांचं अंतर पडतं. युरोपियन ऑप्शनमध्ये एकाच स्ट्राइकच्या कॉल-पुटची व्होलॅटिलिटी वेगळी दिसली, की पहिला संशय कॅल्क्युलेटरमधल्या लाभांशावर आणि व्याजदरावर घ्यावा. बाजारावर शेवटी.

लाभांशाच्या बाबतीत तारीख नीट बघा. महत्त्वाची तारीख एक्स-डेट आहे, म्हणजे ज्या दिवसापासून शेअर घेणाऱ्याला तो लाभांश मिळत नाही ती. पैसे खात्यात जमा होण्याची नव्हे. एक्स-डेट एक्सपायरीच्या आधी येत असेल तर लाभांश मोजायचा, नंतर येत असेल तर सोडून द्यायचा. आणि जाहीर न झालेला लाभांशसुद्धा बाजार अंदाजाने भावात धरतो. कंपनी दरवर्षी ठरावीक महिन्यात लाभांश देत असेल तर घोषणेची वाट कुणी बघत बसत नाही.

तिसरी गोष्ट: समीकरण ही रेघ नाही, पट्टा आहे

मधल्या भावाला सौदा होत नाही. घ्यायचं तर आस्कला, विकायचं तर बिडला. त्यामुळे पॅरिटी तपासायची खरी रीत म्हणजे दोन्ही बाजूंचा सौदा कागदावर करून बघणं.

आधी शेअर घ्या, पुट घ्या, कॉल विका. बाजारात याला कन्व्हर्जन म्हणतात. शेअरला 500.10 दिले, पुटला 19.00 दिले, कॉलचे 22.90 आले. एकूण 496.20 गुंतले. एक्सपायरीला काहीही झालं तरी 500 हातात येणार, आणि मधला 3 चा लाभांश त्यावरच्या व्याजासकट 3.02. एकूण 503.02. म्हणजे 496.20 वर 73 दिवसांत 6.82 मिळाले, वर्षाला 6.87 टक्के. हा सौदा म्हणजे खरं तर बाजाराला दिलेलं कर्ज आहे, शेअर आणि ऑप्शनच्या वेष्टणात गुंडाळलेलं. पैसे 7.5 टक्क्यांनी उभे करावे लागत असतील, तर व्याज 7.44 जाईल आणि शेअरमागे 0.62 चा तोटा होईल, दलाली आणि कर धरायच्या आधीच.

आता उलट बाजू, रिव्हर्सल. शेअर शॉर्ट करून 499.90 मिळाले, कॉलला 23.50 दिले, पुटचे 18.40 मिळाले. हातात 494.80. एक्सपायरीला 500 द्यायचे आणि ज्याच्याकडून शेअर उसना घेतला त्याला लाभांशापोटी 3.02 भरून द्यायचे. म्हणजे वर्षाला 8.31 टक्क्यांनी कर्ज घेतल्यासारखं झालं. हे पैसे 7.5 टक्क्यांनी ठेवले तर 502.22 होतात, 503.02 फेडायला 0.80 कमी पडतात.

म्हणजे बाजार सांगतोय: मला कर्ज द्याल तर 6.87, घ्याल तर 8.31. तुमचा व्याजदर या दोहोंच्या मधे बसत असेल, तर पॅरिटी मोडलेली नाही. शिल्लक 0.09 ची तफावत या पट्ट्याच्या मानाने काहीच नाही. तफावत रकमेत सांगण्यापेक्षा अशी व्याजदरात सांगणं मला जास्त प्रामाणिक वाटतं. ‘3 चा फरक’ ऐकून मोह होतो. ‘6.87 टक्क्यांची ठेव’ म्हटलं की तो सौदा आहे तसा दिसतो.

व्याजदर कोणता घालायचा

आपल्या बचत खात्याचा दर घालू नका, आणि ब्रोकर मार्जिनवर आकारतो तोही नको. ऑप्शनच्या भावात बसलेला दर मोठ्या खेळाडूंना पैसे ज्या दराने मिळतात त्याच्या जवळचा असतो. तो ऑप्शनच्या भावांतूनच काढता येतो, आणि त्यासाठी शेअरचा भाव किंवा लाभांश माहीत असायचीही गरज नाही.

दोन स्ट्राइक घ्या, समजा 480 आणि 520. प्रत्येकाची कॉल वजा पुट काढा. दोन्हींत शेअर आणि लाभांश सारखेच असल्याने एकातून दुसरी वजा केली की ते उडून जातात. उरते ती 40 ची आजची किंमत. आपल्या उदाहरणात 480 चा कॉल 34.65, पुट 10.55, फरक 24.10. 520 चा कॉल 14.35, पुट 29.65, फरक उणे 15.30. एकातून दुसरा वजा केला की 39.40. एक्सपायरीला 40 देणारी वस्तू आज 39.40 ला आहे. 40 भागिले 39.40 म्हणजे 1.0152, म्हणजे वर्षाला 7.6 टक्के. धरलेल्या 7.5 शी हे जुळतं. या चार ऑप्शनच्या जुळणीला बॉक्स म्हणतात.

इथली खाच लक्षात ठेवण्यासारखी आहे. चार भावांच्या बेरीज-वजाबाकीत फक्त 0.10 ची चूक झाली आणि 39.40 च्या जागी 39.50 आले, तर दर 6.3 टक्के निघतो. 39.30 आले तर 8.9. अरुंद बॉक्समधून निघालेल्या दरावर म्हणूनच विश्वास ठेवू नये. 400 आणि 600 असे लांबचे स्ट्राइक घेतले तर तेवढ्याच 0.10 च्या चुकीने दर फक्त पाव टक्क्याने हलतो. पण लांबच्या स्ट्राइकमध्ये बिड आणि आस्कमधलं अंतरही मोठं असतं, त्यामुळे जिथे सौदे भरपूर आहेत अशा जास्तीत जास्त लांबच्या दोन स्ट्राइकवर थांबावं. त्याच चलनातल्या एखाद्या इंडेक्सचे युरोपियन ऑप्शन उपलब्ध असतील, तर दर तिथून काढून शेअरला लावणं सर्वांत बरं.

दर चुकल्याने किती बिघडतं? 500 च्या स्ट्राइकला आणि 73 दिवसांना एका टक्क्याची चूक म्हणजे सुमारे 0.97. आठवड्याभराच्या एक्सपायरीत ती नगण्य आहे. दोन वर्षांच्या एक्सपायरीत मात्र तीच चूक 8 च्या आसपास जाते, आणि तिथे पॅरिटी न जुळण्याचं पहिलं कारण बहुधा हेच निघतं.

त्याच एक्सपायरीचा फ्युचर उपलब्ध असेल तर ही सगळी मेहनत वाचते. फ्युचरच्या भावात व्याज आणि लाभांश आधीच मुरलेले असतात. फ्युचरमधून स्ट्राइक वजा करा आणि आलेल्या उत्तराला व्याजाच्या गुणकाने भागा. आपल्या उदाहरणात फ्युचर 504.48 असेल, 4.48 भागिले 1.015 म्हणजे 4.41, आधी आलेलंच उत्तर. यात व्याजदर थोडा चुकला तरी फरक पडत नाही, कारण तो फक्त 4.48 या लहान रकमेवर लागतो. फ्युचर आणि ऑप्शनची एक्सपायरी एकच असावी, एवढी काळजी घ्या.

तरीही जुळत नसेल, तर तफावतीचा आकार बघा

एका स्ट्राइकवर डोळे लावून बसण्यापेक्षा सगळ्या स्ट्राइकची आणि दोन-तीन एक्सपायरींची तफावत कागदावर मांडा. प्रत्येक कारणाची खूण वेगळी असते.

लाभांश चुकला असेल तर एका एक्सपायरीच्या सगळ्या स्ट्राइकना जवळजवळ सारखीच तफावत दिसते, आणि ती एक्स-डेटच्या आधी संपणाऱ्या एक्सपायरीत नसते, नंतरच्या सगळ्यांत असते. पायरी चढावी तशी ती एका ठिकाणी उडी घेते. व्याजदर चुकला असेल तर तफावत स्ट्राइकसोबत आणि काळासोबत वाढत जाते, 600 ला 400 च्या दीडपट. शिळे भाव असतील तर काहीच ठरावीक दिसत नाही, एक स्ट्राइक वर, शेजारचा खाली. शेअर विभाजन किंवा मोठ्या विशेष लाभांशानंतर स्ट्राइक आणि लॉटची संख्या बदललेली असते. ते लक्षात न घेता हिशेब केला, तर तफावत इतकी अवाढव्य येते की चूक लपत नाही.

राहिल्या दोन खुणा, आणि त्यांना जरा जास्त जागा द्यायला हवी, कारण तिथे आकडे बरोबर असूनही समीकरण जुळत नाही.

उसना शेअर महाग असतो तेव्हा

तफावत सगळ्या स्ट्राइकना सारखी आहे, नेहमी पुट महाग असण्याच्या बाजूने आहे, आणि एक्सपायरी दुप्पट लांब घेतली की तीही दुप्पट होते. लाभांशाची उडी कुठे दिसत नाही. अशा वेळी शेअर उसना मिळणं कठीण झालंय असं समजा.

पुट महाग असेल तर तो विकायचा, कॉल घ्यायचा आणि शेअर शॉर्ट करायचा, म्हणजे रिव्हर्सल. पण शॉर्ट करायला शेअर आधी कुणाकडून तरी उसना घ्यावा लागतो आणि त्याचं भाडं भरावं लागतं. एरवी हे भाडं नगण्य असतं. शॉर्ट करू पाहणारे पुष्कळ आणि उसने द्यायला शेअर थोडे, अशी वेळ आली की ते वर्षाला 8 टक्के किंवा त्याहून कितीतरी जास्त होतं. आपल्याच आकड्यांत, लाभांश नाही असं धरून, 8 टक्के भाडं म्हणजे 73 दिवसांना शेअरमागे 8. अपेक्षित 7.39 च्या जागी बाजारात कॉल वजा पुट उणे 0.6 च्या आसपास दिसेल. रिव्हर्सल करणाऱ्याच्या कागदावर 8 चा नफा उभा राहतो आणि तेवढाच भाड्यात जातो.

हे उलटं वापरता येतं. तफावतीला शेअरच्या भावाने भागा, मग वर्षाच्या भागाने भागा: 8 भागिले 500 भागिले 0.2, म्हणजे 8 टक्के. हे झालं ऑप्शनच्या भावातून वाचलेलं उसनवारीचं भाडं. ब्रोकरने सांगितलेल्या भाड्याशी ते ताडून बघा. भाडं रोज बदलू शकतं आणि उसना शेअर मधेच परत मागितला जाऊ शकतो, त्यामुळे या सौद्याला बिनधोक म्हणता येत नाही. सप्टेंबर 2008 मध्ये अमेरिकेच्या बाजार नियामकाने शेकडो वित्तीय कंपन्यांचे शेअर शॉर्ट करण्यावर तात्पुरती बंदी घातली होती. रिव्हर्सलची वाट अशी बंद झाली की पुटला वर जाण्यापासून रोखणारी ताकदच कमी होते.

ज्याच्याकडे तो शेअर आधीपासून आहे त्याला मात्र इथे खरोखर पर्याय असतो. शेअर विकायचा, कॉल घ्यायचा, पुट विकायचा. शेअरसारखीच चढउतार हाती राहते आणि वरचे 8 पदरात पडतात. शेअर उसना देऊन भाडं घेणं हा त्याचाच दुसरा मार्ग. शेअर विकल्याने मतदानाचा हक्क जातो, कर लागू शकतो आणि विकलेल्या पुटवर मार्जिन भरावं लागतं, हे त्या 8 मधून वजा करून बघायचं.

अमेरिकन ऑप्शनला समीकरण नाही, मर्यादा आहेत

ऑप्शन एक्सपायरीआधी कधीही वापरता येत असेल, तर बरोबरीचं चिन्ह टिकत नाही. लाभांश न देणाऱ्या 500 च्या शेअरवर 600 चा पुट बघा, बाकी व्याज आणि दिवस तेच. समीकरणानुसार कॉल वजा पुट 500 − 591.13, म्हणजे उणे 91.13. कॉल 1.25 ला आहे, म्हणून पुट 92.38 ला असावा. पण अमेरिकन पुट आत्ताच वापरून 100 मिळतात, मग तो 92.38 ला कोण विकेल? तो 100 च्या खाली जाऊच शकत नाही. वजाबाकी उणे 98.75 येते आणि तफावत 7.62.

ही तफावत चूक नाही. पुट आज वापरला तर 600 आजच हातात येतात आणि त्यांच्यावर 73 दिवसांचं सुमारे 9 व्याज मिळतं. अमेरिकन पुटला ही मुभा असल्याने तो युरोपियनपेक्षा महाग असतो. लाभांश नसेल तर अशा ऑप्शनची कॉल वजा पुट `S - K` आणि `S - K / (1 + r × t)` यांच्या मधे कुठेतरी असते, इथे उणे 100 आणि उणे 91.13 यांच्या मधे. उणे 98.75 त्यात बसतो. खूण अशी की पैशाच्या आसपासच्या स्ट्राइकना तफावत लहान असते आणि पुट जसजसा पैशात खोल जातो, म्हणजे त्याचा स्ट्राइक शेअरच्या भावाच्या वर जात राहतो, तशी ती वाढत जाते. करारपत्रात ऑप्शन कोणत्या प्रकारचा आहे हे वाचणं म्हणूनच तपासणीच्या सुरुवातीलाच हवं.

अमेरिकन ऑप्शनवर कन्व्हर्जन केलं असेल तर एक्स-डेटच्या आदल्या दिवशी सावध राहा. विकलेला कॉल पैशात खोल असेल, तर समोरचा तो त्या दिवशी वापरून शेअर घेऊन जातो आणि हिशेबात धरलेला लाभांश आपल्याला मिळतच नाही. हे कधी होईल याची सोपी चाचणी आहे. त्याच स्ट्राइकच्या पुटचा भाव आणि स्ट्राइकवर उरलेल्या दिवसांचं व्याज यांची बेरीज करा. लाभांश या बेरजेपेक्षा मोठा असेल तर कॉल वापरला जाईल असं धरून चाला. समजा शेअर 560 वर गेलाय, 500 चा पुट 0.60 ला आहे आणि एक्सपायरीला 5 दिवस आहेत. 500 वर 5 दिवसांचं व्याज 0.51, बेरीज 1.11, लाभांश 3. कॉल जाणार. तेच एक्सपायरीला 33 दिवस असतील, तर व्याज 3.39 होतं, बेरीज 3.99, आणि समोरच्याला थांबणं परवडतं.

सगळं तपासूनही तफावत उरली, आणि सौदा करायचाच असेल

आधी तिन्ही सौदे खरोखर त्याच भावांना होतील का ते बघा. बिड-आस्कशेजारी संख्या दिलेली असते. 22.90 ला फक्त एका लॉटची मागणी असेल, तर दुसरा लॉट 22.70 ला जाईल आणि गणित तिथेच बदलेल. तीन पायांपैकी ज्यात सौदे सर्वांत कमी, तो पाय आधी करायचा, बहुधा पैशात असलेला ऑप्शन. शेअर शेवटी, कारण तो लगेच मिळतो. एक पाय अडकून शेअर 1 ने हलला, तर मिळवायचे होते त्याहून जास्त जातात.

दुसरी अडचण एक्सपायरीच्या दिवशी येते. शेअर नेमका 500 च्या जवळ बंद झाला तर विकलेला कॉल समोरचा वापरेल की नाही हे आधी कळत नाही. आपण आपला पुट वापरला आणि कॉलही आपल्यावर आला, तर एका शेअरऐवजी दोन द्यावे लागतात आणि दुसऱ्या दिवशी सकाळी एक शेअर शॉर्ट झालेला असतो. रोखीने मिटणाऱ्या ऑप्शनला हा धोका नाही, पण तिथे मिटवणीचा भाव शेवटच्या सौद्याचा नसून काही काळाची सरासरी असू शकतो. मग तुमचा शेअर त्याच सरासरी भावाला विकला जाईलच असं नाही. स्ट्राइकच्या जवळ एक्सपायरी येत असेल, तर शेवटच्या दिवसाआधीच तिन्ही पाय सोडवून घेण्यासाठी किती खर्च येईल, तेवढी रक्कम सुरुवातीच्या हिशेबातच वजा करून ठेवावी.